कुठली पोकळी आधी भरायची?

*नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच फेरीत बाहेर पडले. घरी आल्यावर लगेच टिपणं काढली, ती तशीच पाठवते आहे.*

*१. ट्रान्सफॉर्मर, अटेन्शन: काहीच सांगता आलं नाही.*
*२. बॅकप्रॉपगेशन: पायऱ्या विसरले.*
*३. लॉजिस्टिक रिग्रेशनचा ग्रेडियंट: फळ्यावर काढता आला नाही.*
*४. एल-वन आणि एल-टू: फरक पाठ होता, कारण नाही.*
*५. बायस-व्हेरियन्स: गोलगोल बोलले.*
*६. प्रिसिजन-रिकॉल: व्याख्या बरोबर सांगितल्या. "मग इथे तुम्ही काय बघाल?" यावर गप्प.*
*७. माझा प्रोजेक्ट (कार्डावरचे फसवे व्यवहार ओळखणं): ९९ टक्के ॲक्युरसी सांगितली. फसवे व्यवहार कमी होते म्हणून ओव्हरसॅम्पलिंग केलं होतं. त्यांनी विचारलं, "स्प्लिटच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, आधी. पुढे त्यांनी फारसं काही विचारलं नाही.*

*पुढची मुलाखत तीन आठवड्यांनी आहे. याच क्रमाने अभ्यास करू का?*

*— एक विद्यार्थिनी*

या क्रमाने करू नका. यादी जवळजवळ उलटी करा: आधी सातवा मुद्दा, मग सहावा, त्यानंतर तिसरा आणि दुसरा. चौथा-पाचवा त्यांच्या ओघात होऊन जातील. ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत शेवटी.

मुलाखतीनंतर लगेच काढलेल्या टिपणांत जिथे सगळ्यांत जास्त ओशाळल्यासारखं झालं ते वर येतं. अटेन्शनबद्दल एक शब्द सुचला नाही, ते लागलं, म्हणून ते पहिलं. पण "हा भाग मी अजून केलेला नाही" असं म्हटलं की तो प्रश्न तिथेच संपतो, बाकीच्या उत्तरांना त्याची झळ लागत नाही. सातव्या मुद्द्याचं तसं नाही. तो तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल आहे, आणि त्यात तुम्ही सांगितलेला आकडाच खोटा ठरतो. समोरच्याला एकदा कळलं की हा ९९ चुकीच्या मोजणीतून आलाय, की त्याच प्रोजेक्टवर आणखी विचारण्यासारखं काही उरत नाही. म्हणून पोकळी निवडताना दोन गोष्टी पाहा: ती तुमच्याच प्रोजेक्टला भिडते का, आणि यादीतल्या इतर किती गोष्टी तिच्यावर उभ्या आहेत.

आणखी एक दुरुस्ती टिपणांतच करा. "बॅकप्रॉपगेशन: पायऱ्या विसरले" हे विषयाचं नाव झालं, चुकीची नोंद नव्हे. सहावी आणि सातवी नोंद उत्तम आहे, कारण तिथे त्यांचा नेमका प्रश्न आणि तुम्ही अडलात ती जागा दोन्ही आहेत. आठवतं आहे तोवर बाकीच्याही तशाच लिहून काढा: त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय म्हणालात, कोणत्या पुढच्या प्रश्नावर थांबलात. व्याख्येवर अडलात तर तासाभराचं वाचन पुरतं. पुढच्या प्रश्नावर अडलात तर वाचून भागत नाही, हाताने आकडे मांडावे लागतात.

आधी सातवा: तो ९९ कुठून आला

समजा तुमच्याकडे १०,००० व्यवहार आहेत आणि त्यांत १०० फसवे. ओव्हरसॅम्पलिंग करून फसव्यांची संख्या ९,९०० पर्यंत नेली, म्हणजे प्रत्येक फसव्या ओळीच्या ९९ प्रती झाल्या. आता हा सगळा ढीग ८०-२० वाटला. एखाद्या फसव्या व्यवहाराच्या ९९ प्रतींपैकी एकही ट्रेनिंगमध्ये गेली नाही, असं होणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे टेस्टमधला प्रत्येक फसवा व्यवहार मॉडेलने आधीच पाहिलेला आहे. रँडम फॉरेस्टसारखं मॉडेल ती ओळ सरळ पाठ करतं आणि टेस्टमध्ये ओळखून दाखवतं. शिवाय टेस्टमध्येही आता निम्मे व्यवहार फसवे आहेत, प्रत्यक्षात ते शंभरात एक असतात. एकाच आकड्यात अशा दोन चुका बसल्या आहेत.

प्रती न काढता स्मोट वापरलं असेल तरी सुटका नाही. स्मोट दोन जवळच्या फसव्या ओळींच्या मधला नवा बिंदू बनवतं. त्या दोघींपैकी एक टेस्टमध्ये गेली आणि मधला बिंदू ट्रेनिंगमध्ये राहिला, तर टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपलीच. यालाच लीकेज म्हणतात.

दुरुस्ती छोटी आहे. आधी स्प्लिट करा, टेस्टचा भाग बाजूला ठेवा आणि ओव्हरसॅम्पलिंग फक्त ट्रेनिंगवर करा. टेस्टमध्ये फसवे व्यवहार एक टक्काच राहू द्या. क्रॉस-व्हॅलिडेशन करत असाल तर हेच प्रत्येक फोल्डमध्ये व्हायला हवं. मिसिंग किमती सरासरीने भरणं, स्केलिंग, फीचर निवडणं हे सगळं याच नियमात येतं: डेटाकडे पाहून जे काही ठरतं, ते फक्त ट्रेनिंगकडे पाहून ठरलं पाहिजे.

हा नियम नुसता वाचून मनात ठसत नाही. पुढचा प्रयोग स्वतः चालवा. इथे फीचर पूर्णपणे यादृच्छिक आहेत आणि लेबलशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे खरी ॲक्युरसी ५० टक्क्यांच्या आसपासच असायला हवी.

```python
import numpy as np
from sklearn.feature_selection import SelectKBest, f_classif
from sklearn.linear_model import LogisticRegression
from sklearn.model_selection import cross_val_score
from sklearn.pipeline import make_pipeline

rng = np.random.default_rng(0)
X = rng.normal(size=(100, 5000))
y = np.repeat([0, 1], 50)

# चूक: निवड सगळ्या डेटावर
X20 = SelectKBest(f_classif, k=20).fit_transform(X, y)
print(cross_val_score(LogisticRegression(), X20, y, cv=5).mean())

# बरोबर: निवड प्रत्येक फोल्डच्या आत
p = make_pipeline(SelectKBest(f_classif, k=20), LogisticRegression())
print(cross_val_score(p, X, y, cv=5).mean())
```

पहिला आकडा ५० च्या खूप वर येईल, दुसरा ५० च्या आसपास घुटमळेल. डेटा एकच, मॉडेल एकच. फरक फक्त फीचर कधी निवडले याचा. ५,००० यादृच्छिक स्तंभांत लेबलशी योगायोगाने जुळणारे वीस सापडतातच, आणि ते शोधताना आपण टेस्टच्या ओळींची लेबलंही वापरलेली असतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की "आधी की नंतर" या प्रश्नावर पुन्हा अडखळायला होणार नाही.

मग प्रोजेक्टकडे वळा आणि प्रत्येक स्तंभाला एकच प्रश्न विचारा: अंदाज बांधायच्या क्षणी ही किंमत माहीत असते का? "ग्राहकाने तक्रार केली का" असा स्तंभ असेल तर तो फसवणूक झाल्यानंतर भरला जातो, म्हणजे त्यात उत्तरच लपलेलं आहे. एकच फीचर इतर सगळ्यांना झाकोळून टाकत असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या. एकाच ग्राहकाचे व्यवहार ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हींत विखुरले असतील, तर मॉडेल फसवणुकीऐवजी ग्राहक ओळखायला शिकतं. तिथे `GroupKFold` वापरा. आणि व्यवहारांना तारखा असतील तर जुन्यांवर शिकवून नव्यांवर तपासा. प्रत्यक्ष वापरात मॉडेलला पुढचेच व्यवहार बघायचे असतात.

दुरुस्तीनंतर आकडा खाली येईल. येऊ द्या. पुढच्या मुलाखतीत हे स्वतःहून सांगा: "आधी ९९ टक्के येत होते, पण ओव्हरसॅम्पलिंग स्प्लिटच्या आधी झालं होतं. ते दुरुस्त केलं, टेस्टमधलं प्रमाण मूळचं ठेवलं, आणि आता प्रिसिजन इतकं आणि रिकॉल इतकं आहे." खाली आलेला पण खरा आकडा आणि तो का उतरला याचं कारण, या दोन्हींना त्या खोट्या ९९ पेक्षा कितीतरी जास्त वजन आहे.

मग सहावा: "इथे तुम्ही काय बघाल?"

तेच १०,००० व्यवहार घ्या, १०० फसवे. मॉडेलने २०० व्यवहारांवर बोट ठेवलं, त्यांतले ८० खरंच फसवे निघाले. म्हणजे १२० चांगल्या व्यवहारांवर उगाच संशय घेतला आणि २० फसवे हातून निसटले. प्रिसिजन ८०/२००, म्हणजे ४० टक्के. रिकॉल ८०/१००, म्हणजे ८० टक्के. ॲक्युरसी काढा: ८० आणि ९,७८० बरोबर, म्हणजे ९८.६ टक्के. आता असं मॉडेल घ्या जे डोळे मिटून सगळ्यांना "चांगला व्यवहार" म्हणतं. त्याची ॲक्युरसी ९९ टक्के. एकही फसवणूक न पकडणारं मॉडेल ॲक्युरसीत पुढे जातं. हे दोन आकडे शेजारी मांडता आले की ॲक्युरसी का बघायची नाही, याला आणखी शब्द लागत नाहीत.

पण त्यांचा प्रश्न याच्या एक पाऊल पुढचा होता. प्रिसिजन की रिकॉल हे मॉडेल पाहून ठरत नाही, चुकीची किंमत पाहून ठरतं. एकाच मॉडेलचा थ्रेशोल्ड तीन ठिकाणी ठेवून पाहू. थ्रेशोल्ड कडक ठेवला तर १०० व्यवहारांवर बोट, त्यांतले ६० फसवे. मधला म्हणजे वरचंच उदाहरण. सैल ठेवला तर ५०० वर बोट, त्यांतले ९२ फसवे. प्रिसिजन अनुक्रमे ६०, ४० आणि १८.४ टक्के, रिकॉल ६०, ८० आणि ९२ टक्के.

आता धरा की उगाच अडवलेल्या व्यवहाराची किंमत १ आणि निसटलेल्या फसवणुकीची १०. कडक थ्रेशोल्डवर ४० खोटे इशारे आणि ४० निसटलेले, म्हणून खर्च ४० + ४०० = ४४०. मधल्यावर १२० + २०० = ३२०. सैलवर ४०८ + ८० = ४८८. मधला जिंकला. निसटलेल्या फसवणुकीची किंमत १० ऐवजी ५० धरा: कडक २,०४०, मधला १,१२०, सैल ८०८. आता सैल जिंकला. मॉडेल तेच, उत्तर वेगळं. म्हणून "इथे काय बघाल?" असं विचारलं की आधी उलट विचारा: "निसटलेली फसवणूक जास्त महाग आहे की अडवलेला ग्राहक, आणि साधारण किती पटीने?" हा वेळकाढूपणा वाटेल अशी भीती बाळगू नका, उत्तराची सुरुवात तिथूनच होते. एवढंच ध्यानात ठेवा की थ्रेशोल्ड व्हॅलिडेशनवर निवडायचा. टेस्टवर निवडलात तर मागच्या दारातून पुन्हा लीकेज.

इथे आणखी एक प्रश्न हमखास जोडून येतो: आरओसी वक्राखालचं क्षेत्रफळ उत्तम असताना प्रिसिजन का पडतं? मधल्या थ्रेशोल्डवर ९,९०० चांगल्यांपैकी १२० अडले, म्हणजे साधारण १.२ टक्के. फसवे व्यवहार १०० ऐवजी १० च असते, तर ८० टक्के रिकॉलने ८ पकडले जातील आणि ९,९९० च्या १.२ टक्क्यांनी सुमारे १२० खोटे इशारे येतील. प्रिसिजन ४० वरून सहा टक्क्यांच्या आसपास येतं. आरओसीच्या दोन्ही अक्षांवरचे दर आपापल्या वर्गात मोजलेले असतात, म्हणून प्रमाण बदललं तरी तो वक्र जागचा हलत नाही. प्रिसिजनमध्ये दोन्ही वर्ग एकत्र येतात, म्हणून ते कोसळतं. हे गणित कागदावर एकदा, आणि दोन दिवसांनी वेगळे आकडे घेऊन पुन्हा करा. दुसऱ्या वेळी टिपण न बघता जमलं तरच मुद्दा खोडा.

या दोन मुद्द्यांना पहिला आठवडा पूर्ण द्या.

तिसरा आणि दुसरा हे एकच प्रकरण आहे

लॉजिस्टिक रिग्रेशनचा ग्रेडियंट आला की बॅकप्रॉपगेशनचा शेवटचा थर हातात आलेला असतो. म्हणून क्रम उलटा करू नका. एकच फीचर, एकच ओळ घ्या: x = 2, y = 1, सुरुवातीला w = 0. मग z = wx = 0 आणि p = 0.5. लॉस -ln(0.5), म्हणजे 0.693. ग्रेडियंटचं सूत्र (p - y)x, म्हणजे -0.5 × 2 = -1. लर्निंग रेट 0.1 असेल तर नवा w = 0.1, नवा z = 0.2, नवा p जवळपास 0.55 आणि लॉस 0.598. लॉस उतरला, म्हणजे चिन्ह बरोबर आहे. फळ्यावर सगळ्यांत जास्त चुका चिन्हातच होतात, आणि ही एक ओळ त्या पकडते.

यावर पुढचा प्रश्न साधारण असा असतो: फरकाचा वर्ग, म्हणजे स्क्वेअर्ड एरर, का वापरत नाही? ½(p - y)² घेतला तर z च्या सापेक्ष ग्रेडियंट (p - y)p(1 - p) येतो. मॉडेल ठामपणे चुकलंय अशी स्थिती घ्या, y = 1 आणि p = 0.01. लॉग लॉसमध्ये -0.99 मिळतं, स्क्वेअर्ड एररमध्ये जवळपास -0.0098. जिथे सगळ्यांत मोठी दुरुस्ती हवी तिथेच ती शंभरपट दुबळी झाली. p(1 - p) हा गुणक लॉग लॉसमध्ये कापला जातो, हे कागदावर कापून दाखवा.

आता मध्ये एक थर घाला: h = relu(w1·x), z = w2·h. z पर्यंतचा ग्रेडियंट तोच, (p - y). w2 साठी त्याला h ने गुणा. w1 साठी w2 आणि x ने गुणा, आणि relu बंद असेल तर शून्य. साखळी एवढीच आहे. आलेलं उत्तर तपासायला w1 ला 0.0001 ने वर ढकला, लॉसमधला फरक 0.0001 ने भागा. दोन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर बहुतेक वेळा relu चा दरवाजा किंवा w2 चा गुणक सुटलेला असतो.

एल-वन आणि एल-टूचं कारण याच ग्रेडियंटमध्ये दिसतं. एल-टूचा ओढा w च्या प्रमाणात असतो. w लहान होत गेला की ओढाही मंदावतो, म्हणून w शून्याजवळ जातो पण सहसा नेमका शून्य होत नाही. एल-वनचा ओढा w कितीही लहान असला तरी तेवढाच राहतो, म्हणून निरुपयोगी फीचरचा w थेट शून्यावर येऊन थांबतो.

बायस-व्हेरियन्सवर बोलताना व्याख्येने सुरुवात केली की बोलणं गोलगोल होतं. दोन आकड्यांनी सुरुवात करा. ट्रेनिंगवर ९९ आणि व्हॅलिडेशनवर ८० असेल तर दरी मोठी, म्हणजे व्हेरियन्स: जास्त डेटा, जास्त रेग्युलरायझेशन किंवा साधं मॉडेल. ट्रेनिंगवरच ८२ आणि व्हॅलिडेशनवर ८० असेल, आणि त्या कामात याहून बरंच वर जाता येतं हे माहीत असेल, तर बायस: रेग्युलरायझेशन कमी करा किंवा चांगले फीचर आणा. इथे जास्त डेटा गोळा करणं बहुधा वाया जातं. हे आकडे ॲक्युरसीचे असतील तर वर्गांचं प्रमाण आधी विचारून घ्या. सहाव्या मुद्द्यानंतर ते आपोआप तोंडी येईल.

हे सगळं दुसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बसतं. मग एक संध्याकाळ अटेन्शनला द्या. softmax(QKᵀ/√d)V यात प्रत्येक शब्दाची क्वेरी सगळ्या शब्दांच्या कीशी जुळवून पाहिली जाते, आणि त्या जुळणीच्या प्रमाणात व्हॅल्यूंची भारित सरासरी निघते. √d ने भागायचं कारण असं: व्हेरियन्स एक असलेल्या d स्वतंत्र गुणाकारांची बेरीज केली की तिचं व्हेरियन्स d होतं. भागलं नाही तर सॉफ्टमॅक्स एकाच शब्दावर जवळपास सगळा भार टाकतं आणि ग्रेडियंट मरतो, थेट तुमच्या p(1 - p) सारखा. तीन शब्द आणि d = 2 घेऊन हे एकदा हाताने करा. मल्टी-हेड, पोझिशनल एन्कोडिंग वगैरेंना हात लावायचा तो जाहिरातीत भाषेच्या मॉडेलांवरचं काम लिहिलेलं असेल तरच.